माल जुना, तर दर जुना? दरांच्या इतिहासावरच्या एका आक्षेपाला उत्तर

दर बदलला की जुना पुसू नका, सगळे दर तारखांसह वेगळ्या टेबलात जपा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

> "लेख वाचला, पटला नाही. बिलाच्या ओळीत त्या दिवशीचा दर साठवला की विषय संपतो, जुनं बिल कधीच बदलत नाही. त्यासाठी वेगळं दरांचं टेबल, त्यात दोन-दोन तारखा, हे सगळं छोट्या दुकानदाराच्या गळ्यात कशाला? मी बार्शीत पंधरा-वीस दुकानांचं काम बघतो, एकालाही हे लागलं नाही. टॅलीत सुद्धा प्राइस लिस्टला एकच तारीख असते. शिवाय तुमच्या क्वेरीत `BETWEEN` आहे, दर बदलण्याच्या दिवशी काय होतं ते एकदा चालवून बघा."

चालवून बघितलं. `BETWEEN`बद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि दोन तारखांबद्दलही बहुतांशी बरोबर आहे. त्या दोन्हींकडे खाली येतो. आधी जिथे पटत नाही ते सांगतो.

बिल विक्रीच्या क्षणी फाटत असेल तर ओळीतला दर पुरतो. किराणा, मेडिकल, स्टेशनरी यांच्यात गिऱ्हाईक समोर, बिल समोर, दर तिथेच ठरला. बार्शीतली तुमची दुकानं बहुधा अशीच असतील. माझा लेख मात्र निघाला होता सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याच्या हिशेबातून, आणि चूक माझी की मी लेखात ते नीट सांगितलंच नाही. हे मालक पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट इथल्या दुकानांना माल जांगड देतात. मालासोबतच्या चलनावर नग जातात आणि चलनावर दर नसतो. दुकानदार विकेल तसे आकडे पाठवतो: अमुक तारखेला इतके नग गेले. महिन्या-पंधरा दिवसांनी त्याचा हिशेब होतो, राहिलेला माल परत येतो किंवा तिथेच राहतो. म्हणजे विक्री झाली त्या दिवशी आपल्याकडे ओळच नसते. असते ती फक्त तारीख आणि नग. दर नंतर लावायचा असतो, आणि "त्या दिवशी दर काय होता" हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

प्रत्यक्ष आकडेच घेऊ. पंढरपूरचं एक दुकान, जकार्ड चादर, एकच नंबर. दर ३४० होता, १ जुलै २०२५ पासून ३६५ झाला. त्या वर्षी आषाढी एकादशी ६ जुलैला होती, त्यामुळे आधीचा आठवडा म्हणजे नुसती झुंबड. दुकानाकडून आलेले आकडे असे: २६ जूनला १८, ३० जूनला २२, १ जुलैला १५, ३ जुलैला ४०, ५ जुलैला ३५. एकूण १३० नग. जूनचे ४० नग ३४० ने १३,६०० होतात, जुलैचे ९० नग ३६५ ने ३२,८५०. बेरीज ४६,४५०.

मालकांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूच्या मास्टरला एकच दर होता आणि तो बदलला की जुना पुसला जायचा. ऑक्टोबरात दर ३८० झाला. दिवाळीनंतर मालकांनी सहज म्हणून त्याच जुन्या सॉफ्टवेअरमधून वारीच्या हंगामाचा रिपोर्ट काढला, तर या दुकानापुढे ४९,४०० आले. १३० गुणिले ३८०. कागद घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांचं म्हणणं, दुकानदाराच्या हिशेबात २,९५० रुपये कमी धरले गेले. हिशेबात काहीच कमी धरलं नव्हतं. रिपोर्टने आजचा दर मागच्या विक्रीला लावला होता, एवढंच.

आता तुमच्या `BETWEEN`कडे. माझ्या टेबलात `valid_from` आणि `valid_to` अशा दोन तारखा होत्या. जुन्या दराची शेवटची तारीख १ जुलै आणि नव्या दराची सुरुवातही १ जुलै. `BETWEEN` दोन्ही टोकं धरतं, त्यामुळे १ जुलैच्या १५ नगांना दोन्ही दर चिकटले. ती ओळ दोनदा आली, ३४० ची एक आणि ३६५ ची एक. रक्कम ५,१०० ने फुगून ५१,५५० झाली. मी रकमेकडे बघत बसलो असतो तर कळलंही नसतं, कारण वारीच्या आठवड्यात ५१ हजार काही अशक्य वाटत नाहीत. नगांची बेरीज केली तेव्हा सापडलं: १३० च्या जागी १४५. तेव्हापासून माझी सवय अशी, की दर जोडण्याआधीची नगांची बेरीज आणि जोडल्यानंतरची बेरीज शेजारी शेजारी ठेवायची. दोन्ही जुळल्याशिवाय रुपयांकडे बघायचंच नाही.

यावर कुणी म्हणेल, शेवटची तारीख ३० जून टाका. टाकली. मग उलटं झालं. वरचा हिशेब मी नुसत्या तारखांवर चालवला होता, पण या दुकानातला मुलगा मोबाईलवरच्या फॉर्मवर नोंद करतो, आणि त्यात तारखेसोबत वेळही येते. नुसतं `2025-06-30` म्हणजे डेटाबेसच्या लेखी ३० जूनची मध्यरात्र, म्हणजे तो दिवस सुरू होण्याचा क्षण. ३० जूनला दिवसभरात विकलेले २२ नग त्या क्षणाच्या नंतरचे, म्हणून ते जुन्या दरातही बसेनात आणि नव्यातही बसेनात. साध्या `JOIN`मध्ये अशा ओळी गुपचूप गळतात. बेरीज १०८.

दोन तारखा ठेवायच्याच असतील तर सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा: `sold_on >= valid_from AND sold_on < valid_to`. पण तुमचा टॅलीचा मुद्दा इथेच लागू पडतो. तिथल्या `Applicable From`सारखी एकच तारीख ठेवली, तर पुढचा दर सुरू झाला की आधीचा आपोआप संपतो. दोन दर एकमेकांवर चढण्याचा किंवा मधे फट राहण्याचा प्रश्नच येत नाही. लेखातली क्वेरी मी आता अशी बदलली आहे:

```sql
SELECT s.sold_on, s.qty,
  (SELECT p.rate
     FROM price_history p
    WHERE p.item_id = s.item_id
      AND p.valid_from <= s.sold_on
    ORDER BY p.valid_from DESC, p.entered_at DESC
    LIMIT 1) AS rate
FROM sales s;
```

विक्रीच्या तारखेपर्यंत लागू झालेल्या दरांपैकी सगळ्यात अलीकडचा उचलायचा, बस. विक्रीची ओळ एकदाच येते, दोनदा येऊच शकत नाही. एक्सेलवाल्यांनी एका वस्तूचे दर तारखेच्या चढत्या क्रमाने लिहावेत आणि `XLOOKUP`च्या पाचव्या आणि सहाव्या, दोन्ही जागी `-1` द्यावा, तेच काम होतं.

यातही एक खड्डा आहे. पहिल्या दराच्या आधीची विक्री असेल तर `rate` रिकामा येतो, आणि `SUM` रिकाम्या किमती सोडून बेरीज करतं, कुरकुर न करता. त्यामुळे रिकाम्या ओळी मोजणारी एक छोटी क्वेरी सोबत चालवावी लागते. आणि वस्तू विकणंच बंद झालं हे एका तारखेने सांगता येत नाही. त्यासाठी मी वस्तूच्या मास्टरला वेगळी खूण ठेवतो. शेवटची तारीख परत आणण्यापेक्षा ते बरं.

वेळेवरून आठवलं. क्वेरीतला `sold_on` ही नुसती तारीख आहे आणि ती नोंद करणाऱ्याने निवडलेली आहे. सर्व्हरच्या घड्याळावरून काढलेली नाही. आधी मी घड्याळावरूनच काढत होतो. सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. पंढरपुरात काकड आरतीच्या आसपास बाजार जागा असतो. १ जुलैच्या पहाटे ५.१० ला विकलेले ४ नग सर्व्हरवर ३० जूनच्या रात्री ११.४० ला नोंदले गेले आणि त्यांना जुना दर लागला. फरक शंभर रुपयांचा. पण चार नग एका दिवसातून दुसऱ्या दिवसात का सरकले हे शोधताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. सोलापुरातलं दहाला उघडणारं दुकान असतं तर हा घोळ कधीच दिसला नसता.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे, कारण ओळीत दर साठवण्याला माझा विरोध नाही. उलट तो साठवलाच पाहिजे. फक्त ती ओळ एका प्रश्नाचं उत्तर देते आणि इतिहास दुसऱ्या प्रश्नाचं. आपण समोरच्याला काय दर सांगितला, हे ओळ सांगते. त्या दिवशी खरा दर काय ठरलेला होता, हे इतिहास सांगतो. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात म्हणून एक फुकटचा वाटतो. जुलैत ते एक नव्हते.

झालं असं. मालकांनी ३० जूनच्या संध्याकाळी नव्या दरपत्रकाचा फोटो सगळ्या दुकानांना व्हॉट्सॅपवर टाकला आणि स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं. संगणकात ते चढवायचं काम दिवाणजींचं. पण दिवाणजी वारीच्या गडबडीत गठ्ठे बांधून पाठवण्यात अडकलेले. नोंद झाली ८ जुलैला. त्याआधी ५ जुलैच्या रात्री पंढरपूरच्या दुकानाला हिशेबाचा कागद गेला होता, १३० नग, सगळे ३४० ने, ४४,२००. आठ तारखेला नवा दर १ जुलैपासून लागू म्हणून चढला, आणि तोच कागद पुन्हा काढल्यावर ४६,४५० दिसू लागले. दुकानदाराच्या हातात एक आकडा, आपल्या स्क्रीनवर दुसरा, आणि दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून निघालेले.

अशा वेळी नुसता ओळीतला दर असता तर ४४,२०० च खरे मानून २,२५० रुपये सोडावे लागले असते, आणि मुळात काही चुकलंय हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. नुसता इतिहास असता तर स्क्रीन ४६,४५० म्हणत राहिली असती आणि दुकानदाराकडे ४४,२०० चा कागद कसा गेला याचं उत्तर आपल्याकडे नसतं. दोन्ही होते म्हणून वजाबाकी करता आली: ९० नग, प्रत्येकी २५ रुपये. फरक नेमका कुठला आणि का, हे एका ओळीत.

`entered_at` हा रकाना त्यासाठीच आहे. दर कधीपासून लागू ही एक तारीख, आणि तो आपल्याला कधी कळला म्हणजे संगणकात कधी चढला ही दुसरी. आतल्या क्वेरीत ही एक अट घातली, की ५ जुलैच्या रात्री सॉफ्टवेअरला जे माहीत होतं तेवढंच धरून हिशेब निघतो:

```sql
AND p.entered_at < '2025-07-06'
```

४४,२०० तसेच्या तसे परत मिळतात. मालकांना हे दाखवलं तेव्हा त्यांचा दिवाणजींवरचा राग निवळला. निदान हिशेब कुणी खोटा केला नव्हता एवढं तरी दिसलं. लेखातल्या दोन तारखांपैकी शेवटची तारीख जाऊ दे, पण ही दुसरी तारीख मी सोडणार नाही.

यातून एक नियम आपोआप येतो: इतिहासातली ओळ खोडायची नाही आणि तिच्यावर दुसरं लिहायचंही नाही. दर टंकताना चुकला, ३६५ च्या जागी ३५६ पडला, तर त्याच तारखेची नवी ओळ घालायची. `entered_at` नंतरचा असल्यामुळे तीच निवडली जाते, जुनी नुसती पुरावा म्हणून राहते. तारीख चुकली तर थोडं अवघड. समजा १ जुलैच्या जागी १ जून पडलं. नुसती १ जुलैची ओळ वाढवून भागत नाही, कारण जूनमध्ये ३६५ ची ओळ लागूच राहते. १ जून तारखेची ३४० ची ओळ घालायची, मग १ जुलैची ३६५ ची. दिवाणजींना हे "चुकीवर चिकटपट्टी" असं समजावलं, त्यांना लगेच कळलं. वहीत ते असंच करत आले आहेत. पांढरी शाई त्यांनी कधीच वापरली नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत नसलेला, पण तुम्हाला उद्या लागेल असा एक मुद्दा. कराचा दर या टेबलात घालू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा चादरी-बेडशीट या वर्गात हजार रुपयांवरच्या नगावरचे १२ टक्के अडीच हजारांपर्यंत ५ झाले. आपली ३६५ ची चादर आधीपासूनच ५ मध्ये होती, तिला काही झालं नाही. पण १,४५० च्या डबल बेडच्या सेटचा मूळ दर तोच राहिला आणि कर मात्र बदलला. दराची तारीख मालक ठरवतात, कराची दिल्ली ठरवते. एका ओळीत दोन्ही ठेवले की एक बदलताना दुसऱ्याची खोटी नोंद होते. आणि ऑगस्टात बिल झालेला सेट ऑक्टोबरात परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या १२ टक्क्यांचीच निघते, तिथे पुन्हा जुना दर शोधणं आलंच.

राहिला तो भाग, जो मला सगळ्यात जास्त शिकवून गेला आणि ज्यात टेबलाचा काहीच उपयोग झाला नाही. ९ जुलैला दुकानदाराला फरकाचा फोन गेला. तो म्हणाला, "मालक, माल तर वीस जूनच्या चलनाचा हाय. माल जुना, तर दर बी जुनाच की." बघायला गेलं तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पेठेत दोन्ही रिवाज आहेत. काही जण माल उचलला त्या दिवशीचा दर धरतात, काही जण विकला त्या दिवशीचा. आणि मी क्वेरी लिहिताना कुणाला न विचारता `sold_on` टाकून मोकळा झालो होतो. मी जी तारीख जोडली, तिनेच त्यांच्यातला व्यवहार ठरवून टाकला होता.

माल उचलल्याच्या तारखेचा दर धरायचा असता तर काम बरंच वाढलं असतं. दुकानात २० जूनच्या चलनाचे नगही असतात आणि २ जुलैच्या चलनाचेही. विकलेला नग त्यातला कुठला? सगळ्या चादरी दिसायला सारख्या. मग आधी गेलेला माल आधी विकला असं धरून प्रत्येक विक्री एकेका चलनाला जोडावी लागते. एका विक्रीचे कधी दोन तुकडेही होतात, दहा नग जुन्या चलनाचे, पाच नव्याचे. परत आलेला माल कुठल्या चलनात वजा करायचा हा आणखी एक वाद. अशक्य काही नाही, पण तो वेगळा हिशेब आहे. मालकांनी साफ सांगितलं, जांगडला विकला तो दिवस धरायचा, त्यांच्या वडिलांपासून तेच चालत आलंय. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता चलनाच्या खाली एक ओळ छापून घेतली आहे.

दुकानदाराने शेवटी मान्य केलं, पण १ जुलैच्या १५ नगांवर अडला. दरपत्रकाचा फोटो आदल्या रात्री आला, मी सकाळी फोन बघितलाच नाही, जुन्या भावाने विकून मोकळा झालो, असं म्हणाला. मालकांनी ते सोडलं. १५ नगांचे २५ प्रमाणे ३७५ रुपये.

दिवाणजींनी लगेच विचारलं, मग या दुकानापुरता दर २ जुलैपासून करू का? नाही केला. दर १ जुलैपासूनच ३६५ होता, तुळजापूर आणि अक्कलकोटच्या दुकानांनी तो तसाच दिला होता. मालकांनी दर बदलला नव्हता, पैसे सोडले होते. म्हणून हिशेबात ४६,४५० तसेच ठेवले, खाली "सूट ३७५, मालकांच्या सांगण्यावरून" अशी वेगळी ओळ घातली आणि ४६,०७५ वर हिशेब मिटला. पुढच्या आषाढीला तो दुकानदार "मागच्या वेळी दोन तारखेपासून धरला होता" म्हणेलच. तेव्हा ती सूट दिल्याची ओळ दाखवता येईल.